विमान तेच, वेळ तीच, आणि तिकिटाचे पैसे मात्र कमी

तिकीट काढून झालं, पैसे गेले, आता त्या आकड्याकडे पाहायचं नाही. गोंदियात आम्ही सगळे विमानाच्या तिकिटाशी असंच वागत आलो आहोत. नंतर कुणी सांगितलं की त्याच विमानाचं तिकीट शेजाऱ्याला दोन हजारांनी स्वस्त मिळालं, तर हळहळायचं आणि विषय बदलायचा. आणि आता मला कळलंय की काही तिकिटांच्या बाबतीत तो उतरलेला भाव आपलाच असतो! विमान बदलायचं नाही, तारीख बदलायची नाही. तेच विमान पुन्हा निवडायचं, कंपनी आजच्या भावाने तिकीट नव्याने लावते आणि मधला फरक आपल्या नावावर जमा करते. मी आयुष्यभर पतसंस्थेत जमाखर्च लिहिला, आणि एकदा बंद झालेला व्यवहार गिऱ्हाइकाच्या फायद्यासाठी पुन्हा उघडता येतो हे पाहून मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

हे कळलं ते लेकीकडे, न्यू जर्सीत. मी आणि आमचे हे गोंदियाहून तिच्याकडे गेलो होतो. तिथून आम्ही चौघांनी, म्हणजे आम्ही दोघं, लेक आणि जावई, सिअ‍ॅटलला माझ्या पुतण्याकडे जायचं ठरवलं होतं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून डेल्टाचं थेट विमान. लेकीने जातानाची तिकिटं काढून ठेवली होती, माणशी 264 डॉलर, चौघांचे 1,056. एका संध्याकाळी स्वयंपाक करता करता ती म्हणाली, "आई, भाव उतरलाय. थांब, दोन मिनिटांत पैसे सोडवून घेते." मला वाटलं, ती तिकिटं रद्द करतेय. मी म्हटलं, "अगं, रद्द करण्याचे पैसे कापतील ना?" ती म्हणाली, "रद्द कुठे करतेय? बदलतेय. याच विमानातून याच विमानात."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि एकेक पायरी पाहिली. डेल्टाच्या संकेतस्थळावर `My Trips` मध्ये आपलं तिकीट उघडायचं, `Modify Flight` वर जायचं, प्रवास बदलायचा आहे असं सांगायचं आणि शोध सुरू करायचा. तारीख तीच द्यायची. समोर त्या दिवसाची सगळी विमानं येतात, त्यात आपलंही असतं. तेच निवडायचं. पुढच्या पानावर जुनी किंमत, नवी किंमत आणि दोन्हींतला फरक दिसतो. इथपर्यंत काहीही घडलेलं नसतं. नुसतं पाहून मागे फिरता येतं, म्हणून भाव तपासायला घाबरायचं कारण नाही. तो फरक ईक्रेडिट म्हणून मिळणार असं लिहिलेलं दिसलं आणि आकडा पटला, तरच शेवटचं बटण दाबायचं. मग नवं तिकीट आणि क्रेडिटचा क्रमांक ईमेलने येतो. लेकीने हे सगळं केलं तेव्हा कुकरची शिट्टीसुद्धा झाली नव्हती.

भाव उतरतो तरी का, हा माझा पहिला प्रश्न होता. तिकीट म्हणजे एक खुर्ची आणि खुर्चीला एक किंमत, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. विमानाच्या एकाच साध्या वर्गातल्या खुर्च्या कंपनी पुष्कळ भावगटांत वाटून ठेवते. प्रत्येक गटाला इंग्रजी अक्षराचं नाव असतं. स्वस्त गट भरला की तो बंद होतो आणि पुढच्या माणसाला वरच्या गटाचा भाव दिसतो. पण अपेक्षेइतकी विक्री होत नाहीये असं दिसलं, किंवा समोरच्या कंपनीने भाव पाडले, तर बंद केलेला खालचा गट पुन्हा उघडतात. आमच्या तिकिटांचं तेच झालं होतं. म्हणजे तिकीट काढल्यानंतरही भाव वर-खाली होत राहतो. आपण पाहणं थांबवतो म्हणून तो आपल्यापुरता थांबलेला वाटतो.

आणि इथे तो मुद्दा येतो ज्यावर सगळं अवलंबून आहे. हे प्रत्येक तिकिटाला लागू नाही! लेकीने शोध घेतला तेव्हा सर्वात आधी दिसलेला आकडा होता 179 डॉलर. माझा आनंद गगनात मावेना, 264 वजा 179, माणशी 85 डॉलर! पण ती म्हणाली, "तो आपला आकडा नाही." 179 हा भाव होता मेन बेसिक नावाच्या तिकिटाचा. आमची तिकिटं होती मेन क्लासिक. खुर्च्यांची रांग तीच, विमान तेच, पण तिकिटाच्या अटी निराळ्या. बेसिकचं तिकीट बदलताच येत नाही. रद्द केलं तर कंपनी त्यातून मोठी रक्कम कापून घेते आणि उरलेलंच क्रेडिट देते. म्हणून भाव उतरला का हे पाहताना आपल्या प्रकाराची तुलना आपल्याच प्रकाराशी करायची. क्लासिकचा त्या दिवशीचा भाव पाहिला तर चौघांसाठी 229 डॉलर निघाला. माणशी 35, एकूण 140 डॉलरचा फरक.

किंमत उतरल्याचा इशारा देणाऱ्या सोयी बहुतेकदा त्या मार्गावरचा सर्वात खालचा आकडा दाखवतात, आणि तो बेसिकचा असतो. इशारा आला की धावत जाऊन पाहायचं खरं, पण आकडा आपल्या तिकिटाच्या प्रकाराचा आहे याची खात्री झाल्यावरच आनंद मानायचा.

मग तिने आणखी एक गंमत दाखवली, जी मला या सगळ्यात सर्वात हुशारीची वाटते. तिने शोध चार माणसांऐवजी एका माणसासाठी घेतला. क्लासिकचाच भाव, तेच विमान, आणि आकडा आला 214! मी विचारलं, आता हे काय? कारण असं की स्वस्त गटात त्या वेळी दोनच खुर्च्या उरल्या असाव्यात. चौघांचं तिकीट एकत्र मागितलं की संगणक चौघांना पुरेल असाच गट शोधतो आणि चौघांनाही त्याच भावाने देतो. दोघांना स्वस्त आणि दोघांना महाग असं तो आपणहून करत नाही. एकट्यासाठी शोधलं की खालचा गट दिसतो. दोन माणसांसाठी शोधलं तरी 214, तिघांसाठी शोधलं की पुन्हा 229. त्यावरूनच उरलेल्या खुर्च्यांचा अंदाज येतो.

तेव्हा हिशोब असा. चौघांचं एकत्र बदललं तर 35 गुणिले 4, म्हणजे 140 डॉलर. आरक्षण दोन-दोनमध्ये तोडून घेतलं, तर पहिल्या दोघांचे प्रत्येकी 50 म्हणजे 100 आणि पुढच्या दोघांचे प्रत्येकी 35 म्हणजे 70, एकूण 170. तीस डॉलर जास्त. पण तोडण्यासाठी कंपनीला फोन करावा लागतो, आणि एकदा तोडलं की ते दोन वेगळे प्रवास होतात. ऐनवेळी विमान रद्द झालं तर दोघांना एका विमानात आणि दोघांना दुसऱ्या विमानात टाकलं जाऊ शकतं. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना लेक-जावयापासून वेगळं होऊन परक्या विमानतळावर उभं राहायचं नव्हतं. लेकीने 140 घेतले आणि 30 सोडले. मला तो निर्णय अगदी बरोबर वाटला. पण चार मित्र प्रवास करत असते तर मी म्हटलं असतं, तोडा!

बदल झाल्यावर तिने लगेच आसनं तपासली. नवं तिकीट निघतं तेव्हा निवडलेल्या जागा कधीकधी सुटतात, विशेषतः जागेसाठी वेगळे पैसे भरले असतील तर ते नव्या तिकिटाला जोडले गेलेत का हे पाहावंच लागतं. आमच्या जागा होत्या तशाच राहिल्या.

आता क्रेडिटबद्दल, कारण मला आधी वाटलं 140 डॉलर तिच्या कार्डावर परत आले. तसं नाही. ते रोख पैसे नव्हेत. कंपनीकडेच आपल्या नावाने ठेवलेली रक्कम आहे, पुढच्या तिकिटात वळती करण्यासाठी. आणि ती ज्या प्रवाशाच्या तिकिटातून निघाली त्याच्याच नावावर बसते, पैसे कुणी भरले होते ते पाहत नाही. चारही तिकिटांचे पैसे लेकीच्या कार्डावरून गेले होते, तरी तिला 140 डॉलरचं एक क्रेडिट मिळालं नाही. चार क्रेडिटं निघाली, प्रत्येकी 35 डॉलरची, चार नावांची. माझं क्रेडिट तिला वापरता येत नाही, तिचं मला येत नाही. शिवाय त्याला मुदत असते. ती मुदत साधारणपणे मूळ तिकीट काढल्याच्या तारखेपासून एक वर्ष धरली जाते, क्रेडिट निघाल्याच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे सहा महिने आधी काढलेल्या तिकिटातून आज क्रेडिट सुटलं तर हातात सहाच महिने उरतात. ईमेलमध्ये शेवटची तारीख छापलेली असते, ती वहीत लिहून ठेवायची.

लेक-जावयाला वर्षभरात कुठे ना कुठे जायचंच असतं, त्यांचे 35-35 सहज खपतील. पण आम्ही गोंदियाला परतणार. इथे बसून डेल्टाच्या 35 डॉलरचं आम्ही काय करणार? नेमकं इथे लेकीची आखणी कळली. तिने सिअ‍ॅटलहून परतीची तिकिटं अजून काढलीच नव्हती! जाण्याचं वेगळं आणि येण्याचं वेगळं, अशी एकेरी तिकिटं ती घेते. अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासात बहुतेक वेळा दोन एकेरी तिकिटांची बेरीज परतीसह तिकिटाइतकीच होते, त्यामुळे नुकसान काही नाही. फायदा मात्र दुहेरी. जाताना सुटलेलं क्रेडिट येतानाच्या तिकिटात लगेच वापरता येतं, आमच्या नावाचं आमच्याच तिकिटात. आणि दुसरं असं की जाणं-येणं एकाच तिकिटात बांधलेलं असेल तर बदल करताना संपूर्ण तिकिटाचा भाव नव्याने लागू शकतो. जाण्याचा भाव 50 ने उतरला आणि येण्याचा 60 ने चढला असेल, तर एकत्रित तिकिटात उतरलेला भाव हाती लागत नाही. वेगळी तिकिटं असली की उतरलेलं तेवढं उचलायचं, चढलेल्याला हात लावायचा नाही.

परतीची तिकिटं घेताना पैसे भरायच्या पानावर चारही क्रेडिटांचे क्रमांक घातले आणि प्रत्येकाच्या तिकिटातून 35 डॉलर वजा झाले. मी ते पान उघडं ठेवून आमच्या ह्यांना बोलावून दाखवलं.

आणि हे एकदाच करता येतं असंही नाही! भाव आणखी उतरला तर पुन्हा बदलायचं, पुन्हा फरक घ्यायचा. मधेच भाव चढला तर आपल्याला काही देणं लागत नाही, आपलं तिकीट आपल्या भावाने पक्कं आहे. तोटा होऊच शकत नाही अशी बाजू मी हिशोबाच्या धंद्यात फार कमी वेळा पाहिली आहे.

हे नेहमीपासून असं नव्हतं. 2020 पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या अंतर्गत प्रवासाचं तिकीट बदलायला साधारण 200 डॉलर घेत. 35 डॉलरचा फरक मिळवायला 200 कोण भरेल? मग करोना आला, लोक तिकीटच काढेनात, कारण प्रवास होईल की नाही याचा भरवसा नव्हता. 30 ऑगस्ट 2020 रोजी युनायटेडने जाहीर केलं की अंतर्गत प्रवासाचं बदल शुल्क कायमचं बंद. लगोलग डेल्टा आणि अमेरिकन एअरलाइन्सनेही तेच केलं. साथ गेली, नियम राहिला. मात्र सर्वात स्वस्त बेसिक तिकिटाला त्यांनी या सवलतीबाहेर ठेवलं, आणि बेसिक आणि त्यावरचं तिकीट यांतल्या भावाच्या फरकाचा खरा अर्थ हा आहे. थोडे डॉलर जास्त देऊन आपण नुसती जागा निवडण्याची सोय घेत नाही, भाव उतरला तर तो मागण्याचा हक्कही घेतो. प्रवास दोन-तीन महिने पुढे असेल तर मला तो हक्क त्या पैशांच्या तोलाचा वाटतो. प्रवास पुढच्या आठवड्यात असेल तर नाही. तेवढ्यात भाव उतरण्याची शक्यता कमीच.

पण एक फरक इतका महत्त्वाचा आहे की मी तो ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावा म्हणते. "बदल शुल्क नाही" हे एक वचन आहे. "नवा भाव कमी असेल तर फरक परत" हे दुसरं. पहिलं दिलं म्हणजे दुसरं दिलं असं होत नाही! तिकीट फुकट बदलून देणारी कंपनी, भाव वाढला असेल तर फरक घेते आणि उतरला असेल तर गप्प बसते, असं होऊ शकतं. अशा तिकिटावर वर सांगितलेली सगळी खटपट व्यर्थ. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन आणि अलास्का यांच्या बेसिकच्या वरच्या साध्या तिकिटांवर अमेरिकेतल्या प्रवासात फरक क्रेडिट म्हणून मिळतो. नाव प्रत्येकाचं वेगळं, डेल्टाचं ईक्रेडिट, अमेरिकनचं ट्रिप क्रेडिट, युनायटेडचं फ्युचर फ्लाइट क्रेडिट. अलास्काच्या सर्वात खालच्या तिकिटाचं नाव सेव्हर, तेही या सवलतीबाहेरचंच.

साउथवेस्टची गोष्ट वेगळी आहे. ती कंपनी बदल शुल्क कधीच घेत नव्हती, आणि भाव उतरला की फरक मागून घेणं तिच्या गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण 28 मे 2025 पासून तिनेही बेसिक तिकीट आणलं. ते सरळ बदलता येत नाही. रद्द करून क्रेडिट घ्यायचं आणि त्या क्रेडिटने नवं तिकीट काढायचं असा वळसा घ्यावा लागतो, आणि त्या क्रेडिटची मुदत सहाच महिने, वरच्या तिकिटांच्या क्रेडिटला बारा. लेकीच्या एका मैत्रिणीला जुनी सवय होती म्हणून तिने हे नव्याने तपासलं आणि तेव्हाच हा बदल तिच्या लक्षात आला. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या तिकिटाच्या अटींत "लोअर फेअर" किंवा "रेसिड्युअल व्हॅल्यू" याबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं. दोन ओळी असतात.

क्रेडिटऐवजी रोख पैसे मिळण्याची एक वेळही असते, आणि ती सगळ्यांच्या हातून निसटते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमानुसार प्रवासाला सात दिवस किंवा त्याहून जास्त अवकाश असेल आणि तिकीट कंपनीकडूनच घेतलं असेल, तर कंपनीने 24 तासांत एक तर विनाशुल्क रद्द करू द्यायला हवं किंवा त्याऐवजी पैसे न घेता भाव धरून ठेवायला हवा. बहुतेक कंपन्या रद्द करू देतात, आणि मग बेसिक असो की आणखी कुठलं, पैसे कार्डावर परत येतात. म्हणून लेक तिकीट काढलं की दुसऱ्या दिवशी, चोवीस तास पुरे व्हायच्या आत, एकदा भाव पाहते. उतरला असेल तर आधी नवं तिकीट घेते, ते हाती आल्यावर जुनं रद्द करते. क्रम उलटा केला आणि मधल्या मिनिटांत स्वस्त गट संपला तर?

आता आपल्या बाजूने पाहू, कारण गोंदियाला परतल्यावर मी सगळ्यांना हेच सांगत सुटले होते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "आपल्याकडे चालतं का?"

अमेरिकेत सुरू होणाऱ्या प्रवासाला बदल शुल्काची जी माफी आहे, ती भारतात सुरू होणाऱ्या प्रवासाला आपोआप मिळत नाही. लेक न्यूअर्कहून मुंबईमार्गे नागपूरला येऊन परत जाणार असेल, तर तिच्या तिकिटाचा प्रवास अमेरिकेत सुरू होतो. आम्ही नागपूरहून निघून परत येणार असू, तर आमचा भारतात. समुद्रावरचं विमान तेच, पण आमच्या तिकिटाच्या अटींत बदल शुल्क असू शकतं. शिवाय आमची तिकिटं रेलटोलीतल्या एजंटाने काढलेली असतात, तेव्हा बदलही त्याच्याच हातून करावा लागतो आणि त्याचं शुल्क वेगळं. म्हणून आई-वडिलांना बोलावताना मुलांनी तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावर काढावं, आणि काढण्याआधी त्या तिकिटाचं बदल शुल्क पाहावं, असं मी आता सगळ्यांना सांगते.

देशातल्या प्रवासाचं गणित साधं आणि थोडं निराश करणारं आहे. समजा नागपूर-मुंबईचं तिकीट 5,600 रुपयांना घेतलं आणि ते 4,300 वर आलं. फरक 1,300. आता त्या स्वस्त प्रकारच्या तिकिटाचं बदल शुल्क 3,000 रुपयांच्या आसपास असेल, तर हे बदलणं म्हणजे सतराशे रुपये गमावणं. रद्द करून नवं घेतलं तरी तेच, कारण रद्द करण्याचं शुल्क असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम एवढं सांगतो की ते शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये, आणि सरकारी कर व विमानतळाचं वापर शुल्क परत मिळालंच पाहिजे, सवलतीच्या तिकिटावरसुद्धा. ते मागून घ्यायचं. पण त्याने भाव उतरल्याचा फायदा होत नाही. फायदा व्हायचा तर भाव बदल शुल्कापेक्षा जास्त उतरायला हवा, आणि साध्या तिकिटावर तसं क्वचितच घडतं. जास्त पैसे देऊन घेतलेल्या, बदल शुल्क माफ असलेल्या तिकिटावर मात्र फरक परत देण्याचं दुसरं वचन आहे का ते वाचायचं.

तरीही एक खिडकी आपल्याकडे उघडी असते. महासंचालनालयाच्या नियमाने तिकीट काढल्यापासून ठरावीक तासांत, प्रवास सात दिवसांपेक्षा पुढचा असेल तर, जादा शुल्काशिवाय रद्द करता किंवा बदलता येतं. 2025 मध्ये ही मुदत 24 तासांची होती आणि ती 48 तासांवर नेण्याचा मसुदा नोव्हेंबर 2025 मध्ये निघाला, म्हणून तिकीट काढताना त्या दिवशी किती तास लागू आहेत ते पाहून घ्यायचं. आपल्याकडे भाव उतरल्याचा फायदा घ्यायची खरी जागा हीच आहे. रात्री तिकीट काढलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच मिनिटं भावाला द्यायची. माझ्या भाचीने नागपूरहून पुण्याचं तिकीट काढलं तेव्हा मी तिला दुसऱ्या दिवशी फोन करून पाहायला लावलं. भाव हललाही नव्हता. पण ती म्हणाली, "मावशी, मला हे पाहता येतं हेच माहीत नव्हतं."

आमच्या गोंदियाच्या बिरसी विमानतळालाही हा नियम तेवढाच लागू आहे. 13 मार्च 2022 रोजी तिथून इंदूर आणि हैदराबादकडे व्यावसायिक उड्डाणं सुरू झाली, तेव्हा गोंदियातल्या आम्हा लोकांना नागपूर किंवा रायपूरला न जाता विमान गाठता येईल याचाच एवढा हर्ष झाला होता की तिकिटाच्या अटी कोण वाचणार? पण छोट्या विमानतळावर एक वेगळी अडचण असते. त्या मार्गावर दिवसाला एखादंच विमान आणि एकच कंपनी असली, की भाव पाडायला समोर कुणी नसतं. नागपूर-मुंबईसारख्या गजबजलेल्या मार्गावर भाव हलतात, तसे इथे हलत नाहीत. त्यामुळे उतार शोधायचाच तर तो नागपूरच्या तिकिटात शोधावा, असं माझं मत झालंय.

आणि रेल्वे? गोंदिया म्हणजे आधी रेल्वेचं गाव, हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन, तेव्हा हा प्रश्न आलाच. रेल्वेचं भाडं विमानासारखं दर तासाला हलत नाही. राजधानी, दुरांतो, शताब्दीत 2016 पासून जागा भरत जातील तसं भाडं चढतं, पण उतरण्याचा आणि फरक मिळण्याचा तिथे प्रश्न येत नाही. तरी एक प्रसंग असा घडला की तो समजल्यावर मी पुन्हा खुर्चीतून उठले! थर्ड एसी इकॉनॉमी हा वर्ग सप्टेंबर 2021 मध्ये साध्या थर्ड एसीपेक्षा साधारण 6 ते 8 टक्के स्वस्त भाड्याने सुरू झाला होता. डब्यात जास्त बर्थ बसवल्यामुळे ते परवडत होतं. नोव्हेंबर 2022 मध्ये रेल्वेने ते भाडं थर्ड एसीच्या बरोबरीचं केलं. मग 22 मार्च 2023 पासून पुन्हा जुनं, कमी भाडं लागू केलं. आणि त्या तारखेनंतरच्या प्रवासासाठी ज्यांनी आधीच जास्त भाड्याने तिकीट काढलं होतं, त्यांना फरक परत द्यायचं ठरलं. ऑनलाइन तिकिटावरही आणि खिडकीवरच्या तिकिटावरही, पैशाच्या रूपात, क्रेडिट नव्हे!

खिडकीवर तिकीट काढणाऱ्यांना त्यासाठी तिकीट घेऊन जायचं होतं. आमच्या कॉलनीत त्या काळात हावड्याकडे आणि मुंबईकडे जाऊन आलेल्यांना मी विचारत सुटले आहे, की तेव्हा तुम्हाला ते पैसे मिळाले होते का. अजून कुणाला आठवत नाही. ऑनलाइन तिकीट काढणाऱ्यांच्या बँकेच्या खात्यात मार्च-एप्रिल 2023 च्या सुमारास एखादी छोटी, अनोळखी जमा दिसत असेल, तर ती बहुधा तीच.